भज्जीतला दुसरा ज

प्रश्न: मी पुण्याची. ऑफिसच्या ग्रुपवर लातूरच्या सहकाऱ्याने एक मीम टाकलं. वर ओस पडलेल्या गंजगोलाईचा फोटो आणि ओळ : "१४४ न्हाई, येळवस हाय." खाली चॅटचा स्क्रीनशॉट : "सर, ३० तारखेला रजा पायजे." "इयर एंड आहे. कारण?" "भज्जी." "भजीसाठी रजा? कँटीनमधून मागव दोन प्लेट." "सर, तुमी बी या." त्याखाली लातूरच्याच कुणीतरी लिहिलं, "साहेबाला अंबील पाजा," आणि सगळे हसत सुटले. मी शोधलं तर कांदाभजी निघाली. अंबील म्हणजे दारू का? यात हसण्यासारखं काय आहे?

उत्तर:

लातुरात बदलून येणाऱ्या बँक अधिकाऱ्यांना मी सतरा वर्षं मराठी शिकवतो आहे. वर्गात पुस्तक एका बाजूला राहतं आणि शाखेच्या ग्रुपवर आलेलं काहीतरी मोबाइलवर पुढे येतं : "सर, हे काय आहे?" दर डिसेंबरात त्यात येळवस असतेच. म्हणून या मीमचा उलगडा मी बऱ्याच जणांसमोर केला आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं तो चुकीच्या टोकाकडून केला आहे.

तुमचा शोध जिथे अडला तिथूनच सुरुवात करू, कारण विनोदही तिथेच आहे. भजी आणि भज्जी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. भजी तुम्हाला माहीत आहेत : पीठ, तेल, कढई. भज्जी तळत नाहीत, शिजवतात. हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर, म्हणजे त्या आठवड्यात रानात हिरवं म्हणून जे उभं असेल ते सगळं एका मोठ्या भांड्यात जातं. चिंचेचा कोळ पडतो, हरभऱ्याच्या पिठाने दाटपणा येतो, वरून लसणाची फोडणी. ती बाजरीच्या उंड्याबरोबर किंवा भाकरीबरोबर खातात. उंडा म्हणजे बाजरीच्या पिठाचा वाफवलेला गोळा. कँटीनमध्ये दोन प्लेट मागवता येईल अशी ही गोष्ट नव्हे. एका घरची भज्जी वीस-पंचवीस माणसांच्या हिशेबाने होते आणि वर्षात एकदाच होते.

आता चॅट पुन्हा वाचा. सहकाऱ्याने "भज्जी" असं नीट, जोडाक्षरासह लिहिलं आहे. साहेबांनी एक ज गाळून वाचलं आणि त्यांच्या ओळखीच्या पदार्थावर उत्तर दिलं. लातूरचा माणूस हसतो तो या ठिकाणी. जे त्याला इतकं उघड आहे की एका शब्दात सांगून संपतं, तोच शब्द समोरच्याने वाचला, त्याला तो समजला असंही वाटलं, आणि तरी पूर्ण हुकला. तुम्ही स्वतः शोधलंत तेव्हा तुमच्याकडूनही तोच ज गळाला. त्यात तुमचा दोष नाही. शोधताना यंत्र ओळखीच्या शब्दाकडे ओढतं. अशा वेळी नुसता पदार्थ शोधू नका. "वेळ अमावस्या भज्जी" असं दिवसाला जोडून शोधा, मग योग्य पातेलं समोर येईल.

"येळवस" म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा दिवाळीच्या तोडीचा दिवस आहे, आणि शेजारच्या सोलापूर, नांदेड, बीडच्या काही भागांतही तो पाळतात. इथे बाहेरच्या मराठी माणसाला दोन अडथळे येतात. पहिला "वेळ" या शब्दाचा. आपण त्याचा अर्थ काळ असा घेतो आणि काही लागत नाही. मूळ शब्द कानडीतून आला असं मानतात : सीमेपलीकडे बिदर आणि कलबुर्गीकडे याच अमावस्येला येळ्ळ अमावास्ये म्हणतात. येळ्ळू म्हणजे तीळ. तिकडेही रानात जातात आणि तिकडेही भज्जीच असते. हे नवल नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. कारभाराची सीमा हलली, पातेलं हललं नाही. कागदावर लिहिताना "येळ"चं "वेळ" झालं, पण तोंडात येळवसच राहिली, म्हणून मीममध्येही ती तशीच आली.

दुसरा अडथळा जास्त फसवा आहे. पुणे-मुंबईच्या कानाला अमावस्या म्हणजे टाळायचा दिवस. माझ्या वर्गातल्या एका अधिकारी बाईंनी या मीमचा अर्थ असा लावला होता की अमावस्येला अशुभ म्हणून लोक घराबाहेर पडत नाहीत, रस्ता ओस पडला तो भीतीने. फोटोही त्यांना तसाच दिसला. त्यांनी ग्रुपवर सहानुभूतीने लिहिलं, "अजूनही लोक हे मानतात?" आणि तिथे शांतता पसरली. प्रत्यक्षात रस्ता ओस पडतो कारण अख्खं शहर रानात गेलेलं असतं. तोच रिकामा रस्ता, पण अर्थ अगदी उलटा. म्हणून समजावताना मी आधी फोटोच्या चौकटीबाहेर काय चाललंय ते सांगतो. गंजगोलाई ही लातूरची गोल बाजारपेठ. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात आणि एरवी तिथून दुचाकी काढायची म्हटली तरी पाय टेकवत जावं लागतं. त्या दिवशी तिथे कुत्रं आडवं झोपलेलं दिसतं. आडत बंद, दुकानांची शटरं खाली. तेव्हाच शहराबाहेरच्या प्रत्येक रस्त्यावर डोक्यावर पाट्या, हातात डबे, जीपमध्ये दाटीवाटीने बसलेली लेकरं.

"१४४"ची ओळ यावरून आली. आमच्याकडे वर्तमानपत्रांत येळवसेच्या दुसऱ्या दिवशी "शहरात अघोषित संचारबंदी" असा मथळा ठरलेला असतो. मीम करणाऱ्याने तो मथळा बोलीत उतरवला आहे. काटेकोर पाहिलं तर कलम १४४ जमावबंदीचं, संचारबंदीचं नव्हे. आणि १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाल्यावर ती तरतूद कलम १६३ मध्ये गेली. पण लोकांच्या जिभेवर १४४ हाच आकडा बसला आहे आणि त्याचा अर्थ "बाहेर कुणी नाही" असाच घेतात. वर्गात कुणी हा कायद्याचा मुद्दा काढला तर मी तो बाजूला ठेवतो. विनोद लोकांच्या अर्थावर चालतो, राजपत्रातल्या अर्थावर नाही.

या आकड्याला लातुरात अजून एक आठवण आहे. २०१६ च्या मार्चमध्ये, दुष्काळात, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात हेच कलम लावलं होतं. त्यानंतर एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. ज्याने त्या दिवसांत घागरी घेऊन रांग धरली, त्याला "१४४ न्हाई, येळवस हाय" वाचताना ते आठवत असेल : तेव्हा रस्ते टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होते, आज ते रान हिरवं आहे म्हणून रिकामे आहेत. पण हा अर्थ मीमवाल्याच्या मनात होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. एखाद्या विनोदात मला माहीत असलेलं सगळं भरायचा मोह होतो, आणि मग ऐकणाऱ्याला तो विनोद न वाटता निबंध वाटतो. मी एक खूण ठेवली आहे. तो तपशील काढून टाकला तरी लोक तिथेच हसतील का? हसत असतील, तर तो तपशील विनोदाचा भाग नाही, आजूबाजूची माहिती आहे. १४४ ची दुष्काळी आठवण काढली तरी सगळे हसतातच. भज्जीतला ज काढला तर कुणी हसणार नाही.

आता रजा. ३० डिसेंबर २०२४ ला येळवस सोमवारी आली होती. तुमचं मीम त्या वर्षीचं किंवा त्याच्यावरून पुढे फिरवलेलं असणार. शनिवार-रविवारला जोडून सोमवार, आणि दुसऱ्या दिवशी वर्ष संपणार. साहेबांच्या डोळ्यांसमोर हिशेब बंद करायची घाई, सहकाऱ्याच्या डोळ्यांसमोर रान. लातूर आणि धाराशिवचे जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, त्यामुळे तिथल्या सरकारी कार्यालयांना आणि शाळांना रजा मागावी लागत नाही. बँकांना ती सुट्टी लागू नसते, आणि पुण्यातल्या कंपनीला तर तिचा पत्ताही नसतो. घरचे सगळे त्या दिवशी मोकळे आणि आपण एकटे पुण्यात पंचिंग मशीनसमोर उभे, असा हा माणूस आहे. तो अर्जात "कौटुंबिक कार्यक्रम" असं लिहू शकला असता आणि रजा बहुधा मिळालीही असती. त्याने ते लिहिलं नाही. त्याच्या लेखी "भज्जी" हे पूर्ण कारण आहे, लग्नाइतकं किंवा आजारपणाइतकं. चॅटमधला त्याचा एकशब्दी सरळपणा मला या मीमचा सर्वात चांगला भाग वाटतो.

अंबील दारू नाही. ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवतात, लसूण-जिरं घालतात आणि आदल्या दिवशीच करून ठेवतात, म्हणजे ती जरा आंबते आणि थंड राहते. मातीच्या भांड्यातून रानात नेतात. नशा येत नाही, पण भरपेट भज्जी आणि वर दोन पेले अंबील झाली की झाडाखाली डोळा लागतोच. त्या दुपारी रानोरान माणसं आडवी झालेली दिसतात. "साहेबाला अंबील पाजा" यात हा झोपेचा संदर्भ आहे : पाजा, म्हणजे इयर एंड विसरून ते बाभळीखाली निजतील. त्याच्याआड आमंत्रणही आहे. "पाजा" हा शब्द पुण्यात लगेच दारूकडे जातो, म्हणून तुम्हाला तसं वाटलं. आमच्याकडे चहा पाजतात, ताक पाजतात, अंबीलही पाजतात.

सुरुवातीला चुकीच्या टोकाकडून म्हणालो ते काय होतं ते सांगतो, कारण ही चूक कुणाकडूनही होईल. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका तरुण अधिकाऱ्याने असंच काहीतरी आणलं. मी पूजेपासून सुरुवात केली : रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, नैवेद्य दाखवतात, मग रानाच्या कडेने अंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं म्हणत फिरतात, संध्याकाळी कडबा पेटवून रानाभोवती फेरी घालतात. सगळं खरं होतं, मन लावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "अच्छा, धार्मिक सण आहे." आणि ग्रुपवर त्याने हात जोडलेल्या चित्रासह शुभेच्छांचा मजकूर टाकला. त्याला कुणी वाईट म्हटलं नाही, पण चेष्टामस्करी चाललेल्या ठिकाणी ती शुभेच्छा एकटी पडली. तेव्हा कळलं की मी त्याला सण समजावला, विनोद नाही समजावला. विनोदात पांडव कुठेच नव्हते. तिथे जेवण होतं, रजा होती आणि साहेब होते. तेव्हापासून मी ज्या शब्दावर हसू येतं तिथून सुरू करतो आणि त्या शब्दाला जेवढी माहिती लागते तेवढीच आधी देतो. पूजा नंतर, त्याने विचारली तर.

समजलं की नाही हे "हो, कळलं" या उत्तरावरून ठरत नाही. मी त्याच माणसाला एक जवळचं दुसरं मीम देतो. उदाहरणार्थ हे : एक माणूस कपाळाला हात लावून बसला आहे, वर लिहिलंय, "शेत न्हाई, पण आवतनं सहा." आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. यात त्याला काय अडचण आहे, हे तुम्ही सांगून पाहा. मनात म्हणालात की शेत नाही म्हणून बिचारा दुःखी आहे, तर अजून एक दुवा राहिला. येळवसेला ज्याला शेत नाही त्याला आवर्जून बोलावतात. शिक्षक, पोस्टमन, भाडेकरू, शेजारी, परगावचा अधिकारी, सगळ्यांना. आणि गेलं की खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही. एका ठिकाणी उंडा पोटात गेला की दुसऱ्या रानातला माणूस बांधावर उभा असतोच. सहा आवतनं म्हणजे सहा वेळा भरपेट जेवण. त्याने कपाळाला हात लावला तो पोटाच्या काळजीने. हे पहिल्या फटक्यात सुचलं तर "सर, तुमी बी या" ही ओळही तुम्हाला कळली : ती साहेबांची थट्टा नाही, ते खरं आवतन आहे, आणि इथल्या माणसाला ते न देणं अवघड जातं.

कुणावर हसतायत हा प्रश्न तुम्ही सरळ विचारला नाहीत, पण "हसण्यासारखं काय आहे" यात तो आहे असं मला वाटतं. काही जण या मीमचा अर्थ "तिकडचे लोक कामचुकार, खायला रजा घेतात" असा लावतात. मीम लातूरच्या माणसाने केलं, लातूरच्या माणसाने टाकलं, लातूरचेच हसले. हसू साहेबांच्या अनभिज्ञतेवर आहे आणि थोडं स्वतःच्या भज्जीवेडावर. साहेब वाईटही नाहीत, ते प्लेट मागवून द्यायला तयार आहेत. तेच चित्र बाहेरच्या कुणी "मराठवाड्यात असंच चालतं" अशा ओळीसह टाकलं तर शब्द तेच राहतील आणि विनोद दुसराच होईल. म्हणून स्क्रीनशॉट समजावताना कुणी केला, कुठल्या ग्रुपवर, खाली आधी कोण हसलं, हे मी विचारतो. तुम्ही खालची ओळही पाठवलीत हे फार उपयोगी पडलं. नुसत्या वरच्या दोन चौकटींवरून मलाही हसण्याची दिशा सांगता आली नसती.

बोलीचाही एक मुद्दा आहे. "न्हाई", "हाय", "पायजे", "तुमी बी" हे रूप साहेबांच्या "आहे"समोर मुद्दाम ठेवलं आहे. इथला शिकलेला माणूस ऑफिसच्या संदेशात सहसा प्रमाण भाषा लिहितो. मीममध्ये त्याने घरची भाषा ठेवली, कारण तो जे मागतो आहे ते घरचं आहे. हे कुणाला समजावताना ती वाक्यं "नाही, वेळ अमावस्या आहे" अशी दुरुस्त करून वाचू नका. अर्थ तोच राहतो, पण दोन माणसं दोन ठिकाणांहून बोलतायत हे ऐकू येत नाही.

ग्रुपवर तुम्हाला काही लिहायचं असेल तर "मस्त" किंवा शुभेच्छा नकोत. सहकाऱ्याला एवढंच विचारा : "कुणाच्या शेतात?" येळवसेच्या आठवड्यात लातुरात हा प्रश्न दहा वेळा कानावर पडतो. तो विचारला की तुम्हाला दिवस, रान आणि आवतन तिन्ही कळलंय हे त्याला कळेल. उत्तरात बहुतेक गावाचं नाव येईल आणि पाठोपाठ "या की" येईल. जायचं ठरलं तर सकाळी पोटभर नाश्ता करू नका. दुपारचं परतीचं तिकीटही काढू नका, अंबीलीनंतर ते वाया जातं.